बॉटच्या मेमरीची परीक्षा: विसरला की मुळात टिपलंच नव्हतं?

प्रश्न: आमच्या चॅटबॉटला मेमरी जोडलीय, युजरने आधीच्या सेशनमध्ये सांगितलेलं पुढे लक्षात ठेवतो. मी दोन-चार गोष्टी विचारून बघितल्या तर बरोबर सांगतोय. पण 20-30 सेशन आधीचं किती आठवतं याचा आकडा मागितलाय. हे नीट कसं मोजायचं?

उत्तर:

दोन-चार बरोबर आल्या यावर अजिबात जाऊ नका, मी तिथेच फसलो होतो. पहिल्यांदा स्क्रिप्ट लिहिली, तीस सेशन चालवली, सगळीच्या सगळी उत्तरं बरोबर, मी खूष. नंतर कळलं की सेशन बदलताना मी फक्त सेशनचा नंबर बदलत होतो, आधीच्या गप्पांची यादी रिकामी करायचीच राहून गेली होती, म्हणजे मॉडेलसमोर सगळा मजकूर जसाच्या तसा पडलेला. पुस्तक उघडं ठेवून परीक्षा घेतल्यासारखं झालं ते. त्यामुळे आता सवयच लागलीय, प्रश्न विचारायच्या क्षणी मॉडेलला जाणारा पूर्ण प्रॉम्प्ट फाइलमध्ये काढून ठेवायचा आणि पेरलेली गोष्ट, म्हणजे आधीच्या सेशनमध्ये मुद्दाम सांगून ठेवलेली माहिती, त्यात शोधायची. मेमरीतून आलेला जो भाग असतो त्याच्या बाहेर ती कुठेही सापडली तर तो प्रश्न बाद.

आता पेरायचं काय. गोष्ट अशी हवी की अंदाजाने ठोकता येणार नाही. "माझ्या कुत्र्याचं नाव मोती" असं पेराल तर मेमरी बंद असली तरी एखादं मॉडेल मोती म्हणून मोकळं होईल. म्हणून सगळे प्रश्न एकदा मेमरी पूर्ण बंद ठेवून चालवा आणि तेव्हाही ज्यांची उत्तरं बरोबर येतात ते प्रश्न सरळ काढून टाका. दुसरं म्हणजे गोष्ट बोलण्याच्या ओघात आली पाहिजे. "हे लक्षात ठेव" असं म्हणून सांगितलेलं जवळपास कुठलीही सिस्टिम टिपून ठेवते, खरा युजर असं बोलत नाही. तो दुसऱ्याच कशाबद्दल बोलता बोलता मध्येच सांगून जातो. आणि प्रश्नात पेरलेल्या वाक्यातलेच शब्द वापरू नका, नाहीतर तुम्ही मेमरी नाही, शब्दांची जुळणी तपासताय.

एक उदाहरण घेऊन पुढे जातो म्हणजे सोपं पडेल. तिसऱ्या सेशनमध्ये युजर ऑफिसच्या कामासाठी रजेचा मेल लिहून घेतोय आणि त्यात म्हणतो, "दोन दिवस अंगावर पुरळ होतं, सल्फाची गोळी घेतली की मला हे असं होतं, त्यामुळे आलो नाही." विषय मेलचा, गोष्ट आली बाजूने. मग तेविसाव्या सेशनमध्ये, म्हणजे 20 सेशन नंतर, विचारायचं: "डॉक्टरकडे चाललोय, मला कुठलं औषध चालत नाही ते सांगायला हवं, कुठलं ते?" प्रत्येक पेरलेल्या गोष्टीची अशी एक नोंद ठेवा:

```json
{"id": "F17", "planted": 3, "ask": 23, "value": "सल्फा", "decoy": "पेनिसिलिन"}
```

यातलं `decoy`, म्हणजे मुद्दाम ठेवलेलं फसवं उत्तर, महत्त्वाचं आहे, त्याबद्दल थोडं सविस्तर. लोक अंतर म्हणजे नुसते दिवस किंवा सेशन मोजतात. माणसाच्या बाबतीत ते चालतं, मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने 1885 मध्ये विसरण्याचा आलेख मांडला तो वेळेवरच. पण डेटाबेसमधली नोंद आपोआप पुसट होत नाही, तीन महिने पडून राहिली तरी अक्षर न् अक्षर तशीच असते. मेमरी सिस्टिममध्ये जुनी गोष्ट हरवते ती वेगळ्या कारणांनी: मधल्या काळात तिच्यासारख्या दिसणाऱ्या नोंदींची गर्दी होते, किंवा सिस्टिम अधूनमधून जुन्या नोंदींचा सारांश करते आणि त्या सारांशात ती गळते, किंवा शोधताना नव्या नोंदींना मुद्दाम जास्त वजन दिलेलं असतं. म्हणून मधली वीस सेशन "आज हवा छान आहे" छाप गप्पांनी भरलीत तर आकडा छान येईल पण तो खोटा असेल. आमच्या उदाहरणात मी अकराव्या सेशनमध्ये भावाला पेनिसिलिन चालत नाही हे घालीन, सोळाव्यात एखादी डोकेदुखीची गोळी चांगली लागू पडली असं घालीन. मग तेविसाव्याला उत्तर पेनिसिलिन आलं तर लगेच कळतं की नोंदी एकमेकींत मिसळल्यात. नुसतं "चूक" लिहून ठेवण्यापेक्षा हे फार जास्त सांगून जातं.

आणि हो, प्रश्न विचारणं हीच एक ढवळाढवळ आहे बरं का. सेशन 8 ला विचारलंत, बॉटने सल्फा सांगितलं, तर ते सवाल-जवाबसुद्धा मेमरीत जाऊन बसतात आणि मग 23 ला विचाराल तेव्हा गोष्ट 20 सेशन जुनी राहिलेलीच नाही. माणसांचंही तसंच, परीक्षा घेतली की पाठांतर पक्कं होतं. उपाय सोपा आहे, प्रश्न विचारायच्या आधी मेमरी स्टोअरची कॉपी काढायची, कॉपीवर विचारायचं, कॉपी फेकून द्यायची, मूळ स्टोअर पुढच्या सेशनला जसंच्या तसं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी एवढं लिहितोय. शेवटी एकच आकडा काढलात, "55 टक्के आठवतं", तर त्यातून काय दुरुस्त करायचं ते कोणालाच कळत नाही. प्रत्येक चुकीसाठी गोष्ट कुठे गळली ते शोधा. जागा मोजक्याच आहेत. सेशन 3 संपल्यावर स्टोअर उघडून बघा, सल्फाची नोंद झाली का? सेशन 23 च्या आधी परत बघा, अजून आहे का, की सारांशात गेली? मग प्रश्नाच्या वेळी शोधून आणलेल्या नोंदींत ती आली का? आणि आली असेल तर उत्तरात वापरली का? त्याशिवाय एक वेगळी तपासणी: नोंद हाताने प्रॉम्प्टमध्ये ठेवून तोच प्रश्न विचारायचा. तरीही उत्तर चुकलं तर तुमचा प्रश्नच गोंधळाचा आहे किंवा मॉडेल कमी पडतंय, मेमरीचा दोष नाही.

समजा 40 गोष्टी पेरल्या आणि सगळ्या 20 सेशनच्या अंतराने विचारल्या. नोंदी झाल्या 31, त्या सगळ्या शेवटपर्यंत टिकल्या, शोधताना सापडल्या 24, बरोबर उत्तरं 22. म्हणजे 55 टक्के. हा आकडा ऐकून टीममध्ये पहिली सूचना येणार ती सर्च बदला, नवीन एम्बेडिंग लावा. पण बघा ना, 18 चुकांपैकी 9 लिहितानाच गेल्यात, 7 शोधताना आणि 2 उत्तर देताना. त्या 9 गोष्टी बॉट विसरला नाहीये, त्याने त्या कधी टिपल्याच नाहीत, त्या दुसऱ्याच दिवशी विचारल्या असत्या तरी आल्या नसत्या. हे ताडून बघायला त्याच 40 गोष्टी एका सेशनच्या अंतराने पण विचारा. तिथे समजा 30 बरोबर आल्या, तर लांब गेल्यामुळे झालेलं नुकसान 30 वरून 22, एवढंच. बाकीचं दुखणं वेगळं आहे आणि माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा त्या "काय टिपायचं" सांगणाऱ्या प्रॉम्प्टमध्ये असतं, त्यात "युजरच्या आवडीनिवडी साठव" असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि रजेच्या मेलमधली औषधाची गोष्ट आवडीनिवडीत कुठे बसणार.

ज्या सिस्टिम काहीच निवडत नाहीत, सगळं बोलणं कच्चं साठवतात, त्यांच्यात लिहिताना काही गळत नाही पण शोधताना गर्दीचा मार जास्त बसतो. तिथे ही फोड वेगळी दिसेल, हरकत नाही, मोजायची पद्धत तीच.

दोन प्रकारचे प्रश्न वेगळे ठेवा, वरच्या टक्क्यात मिसळू नका. एक, बदललेली गोष्ट: चौथ्या सेशनमध्ये मीटिंग मंगळवारी, चौदाव्यात "आता गुरुवारी ठेवलीय". इथे मंगळवार हे उत्तर म्हणजे आठवण शाबूत आहे पण चुकीची, आणि नुसतं आठवलं का एवढंच बघितलं तर ते बरोबर धरलं जाऊ शकतं. दोन, कधी न सांगितलेली गोष्ट: बहिणीचा वाढदिवस कधीच आला नाही आणि तुम्ही तारीख विचारताय, बॉटने माहीत नाही म्हणायला हवं. हे नाही मोजलं तर जी सिस्टिम प्रत्येक वेळी काहीतरी ठोकून देते तीच वरचढ दिसते. LongMemEval नावाचा तयार प्रश्नसंच आहे, 500 प्रश्नांचा, त्यातही हे दोन्ही प्रकार वेगळे धरलेत, सुरुवातीला चाळून बघायला चांगला आहे. फक्त त्याच्या छोट्या आवृत्तीतली एका प्रश्नामागची हिस्ट्री साधारण 1 लाख 15 हजार टोकनची आहे आणि ती आजच्या बऱ्याच मॉडेलांच्या कॉन्टेक्स्ट विंडोत अख्खी मावते, म्हणून तुलनेला "सगळी हिस्ट्री सरळ प्रॉम्प्टमध्ये टाकली तर" हा पण एक आकडा काढा. तुमची मेमरी त्याच्यापेक्षा मागे असेल तर ते आधीच कळलेलं बरं.

उत्तरं तपासताना नुसता शब्द शोधू नका. "सल्फा की पेनिसिलिन ते नक्की आठवत नाही" यात सल्फा आहे म्हणून स्क्रिप्ट बरोबर धरते. मी निदान पहिल्या 50 तरी स्वतः डोळ्याखालून घालतो, मग स्क्रिप्टवर सोडतो.

आता वर द्यायच्या आकड्याबद्दल. 40 पैकी 22 म्हणजे 55 टक्के खरं, पण एवढ्या थोड्या प्रश्नांवर 95 टक्के विश्वासाची पट्टी, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादेत असू शकतो ती, जवळपास 40 ते 69 येते (विल्सनचं सूत्र वापरून). म्हणजे पुढच्या आठवड्यात 60 आले तर सुधारणा झाली असं म्हणता येत नाही. 200 प्रश्न केलेत आणि तेवढेच टक्के आले तर पट्टी साधारण 48 ते 62 होते. पण ते 200 एकाच खोट्या युजरच्या गप्पांत कोंबू नका, एका सारांशात गडबड झाली की दहा गोष्टी एकदम जातात आणि पट्टी दिसते त्यापेक्षा रुंद असते. पाच वेगवेगळे युजर बनवा, प्रत्येकाला 40. आणि दोन आवृत्त्यांची तुलना करताना त्याच गोष्टी, तेच प्रश्न ठेवा, मग टक्के बाजूला ठेवून कुठल्या गोष्टी चूक होत्या त्या बरोबर झाल्या आणि कुठल्या बरोबरच्या चूक झाल्या ते नुसतं id लावून बघा. मागच्या खेपेला आमचे टक्के जागचे हलले नव्हते, पण यादी बघितली तर नवीन गोष्टी सापडायला लागल्या होत्या आणि बदललेल्या मीटिंगा सगळ्या जुन्या वारावर परत गेल्या होत्या.