विषयाच्या ओळीपासून सुरुवात करा

औपचारिक पत्र शिकवताना नमुना पत्र फळ्यावरून मुलांकडून नुसतं उतरवून घेऊ नका, मुलं मजकूरही तोच घोकतात. त्यातली विषयाची ओळ पुसा आणि पत्र वाचून ती मुलांनाच लिहू द्या. माझ्या सातवीच्या वर्गात बहुतेकांनी ‘पुस्तकांबाबत’ एवढंच लिहिलं. मी विचारलं, “पुस्तकं हवीत की परत करायचीत?” तेव्हा कुठे ‘ग्रंथालयासाठी विज्ञानाची पुस्तके मिळण्याबाबत’ अशी ओळ तयार झाली.

तपासणीला चारच प्रश्न पुरतात: दिनांक आहे का, विषयातून मागणी कळते का, पहिल्याच परिच्छेदात ती आली का, शेवटी नाव-सही आहे का? वह्या मात्र अदलाबदल करून तपासायला द्या. स्वतःची चूक मुलांना दिसत नाही. ‘आपण मजेत असाल’ आणि ‘आपला लाडका’ ही घरगुती पत्रातली वाक्यं तिथे हमखास सापडतात.