कोलायडर: ‘आघातक’ की ‘संगम’?

«कोलायडरला एका भाषांतरात ‘आघातक चल’ म्हटलेलं वाचलं. पटलं नाही. दुसरा चांगला शब्द आहे का? आणि मीडिएटरला ‘मध्यस्थ’ चालेल?»

‘आघातक’ मलाही खटकतो. त्यात कुणीतरी कुणाला तरी धडकल्याचा भास होतो. संख्याशास्त्रातल्या डॅगमध्ये, म्हणजे कारणाकडून परिणामाकडे जाणाऱ्या आणि फिरून मूळ जागी न येणाऱ्या बाणांच्या आकृतीत, दोन बाणांची टोकं एकाच चलावर येऊन टेकतात, इतकंच घडतं. मी त्याला ‘संगम’ म्हणतो, आणि ते केवळ कानाला गोड लागतं म्हणून नव्हे. संगमावर एका नदीचं पाणी एरवी दुसऱ्या नदीत उलटं चढत नाही. दोघींचा पाऊस वेगवेगळा असेल, तर एकीला पूर आला म्हणून दुसरीबद्दल काही कळत नाही. पण संगमाखालची पातळी अमुकच आहे असं धरून चाललात, तर एकीला पाणी कमी असेल तेव्हा दुसरीला जास्त असणारच. नसलेलं नातं आपल्या धरण्यामुळे तयार झालं. कोलायडरचा सगळा धोका एवढ्यात आला.

‘मध्यस्थ’ चूक नाही, पण मराठीत मध्यस्थ भांडण मिटवतो किंवा लग्न जुळवतो. इथे परिणाम ज्यातून पुढे जातो ते हवं आहे, म्हणून ‘मधला दुवा’ बरा.

शब्द निवडताना एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते. संगम किंवा दुवा ही चलाची जात नाही, एका वाटेवरची भूमिका आहे. एकच चल दोन्ही असू शकतो. याचं उत्तम उदाहरण संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मींच्या १९७१ सालच्या निबंधातलं. धूम्रपान करणाऱ्या आयांच्या कमी वजनाच्या बाळांमध्ये मृत्यूचं प्रमाण, धूम्रपान न करणाऱ्यांच्या तितक्याच कमी वजनाच्या बाळांपेक्षा कमी दिसलं. मग सिगारेट बाळाला वाचवते की काय?

आकृती अशी: धूम्रपान → वजन → मृत्यू. या वाटेवर वजन मधला दुवा. पण जन्मजात व्यंगामुळेही वजन घटतं आणि मृत्यूही ओढवतो. म्हणजे धूम्रपान → वजन ← व्यंग → मृत्यू या वाटेवर तेच वजन संगम.

मनचे आकडे घेऊ. दोन्ही गटांत हजार बाळं, प्रत्येकी २० व्यंग असलेली. ती सगळी कमी वजनाची आणि त्यातली १० दगावतात. निर्धूम्र गटात आणखी ४० बाळं कमी वजनाची, धूम्रपानाच्या गटात १८०. व्यंग नसलेल्या या कमी वजनाच्या बाळांपैकी दोन्हीकडे शेकडा ५ दगावतात, म्हणजे २ आणि ९. आता फक्त कमी वजनाची बाळं पाहा: निर्धूम्र गटात ६० पैकी १२, म्हणजे २० टक्के, दुसऱ्यात २०० पैकी १९, म्हणजे साडेनऊ टक्के. बरोबर वजनाच्या बाळांमधले मृत्यू धरा अनुक्रमे ५ आणि ४. एकूण मृत्यू १७ आणि २३. सगळ्या बाळांत धूम्रपान घातक, कमी वजनाच्या बाळांत मात्र ‘हितकारक’.

कारण उघड आहे. आई धूम्रपान करत नसेल आणि तरी बाळाचं वजन कमी असेल, तर त्यामागे व्यंग असण्याची शक्यता वाढते. २००६ मध्ये साथरोगशास्त्रज्ञ सोनिया हर्नांडेझ-डियाझ आणि सहकाऱ्यांनी हा पेच अशाच बाणांनी मांडला.

आता याच ओघातला तिसरा शब्द, ‘अ‍ॅडजस्ट करणं’. बोलीत ते सीटवर जरा सरकून जागा करणं. संख्याशास्त्रात ते चल समान ठेवून तुलना करणं. धूम्रपानाचा एकूण परिणाम हवा असेल तर वजन समान ठेवू नका: दुवा तुटतो आणि संगम उघडतो, म्हणजे धूम्रपान आणि व्यंग यांच्यात नसलेलं नातं तयार होतं. आईचं वय, आर्थिक स्थिती यांसारख्या चलांतून मात्र धूम्रपानाकडेही बाण जातो आणि मृत्यूकडेही. ते गोंधळ घालणारे चल. ते समान ठेवायचेच. वजनावाटे न जाणारा थेट परिणामच हवा असेल तर वजनाबरोबर व्यंगही समान ठेवावं लागतं, आणि व्यंगाची नोंदच नसेल तर निव्वळ वजन समान ठेवून उत्तर निघत नाही.

म्हणून वापरताना ‘वजन हा संगम आहे’ असं अर्धवट न लिहिता ‘या वाटेवर वजन संगम आहे’ असं लिहावं. आणि संगम उघडायला समीकरणात वजन घालावंच लागतं असंही नाही. कमी वजनामुळे अतिदक्षता विभागात ठेवलेल्या बाळांचाच अभ्यास केला, तर निवडीतच तो उघडलेला असतो, कारण संगमाच्या खालच्या प्रवाहातलं काहीही धरलं तरी संगम तसाच उघडतो. ‘आघातक’ शब्दातून हे सुचलंच नसतं.