बाळाच्या पांघरुणाच्या पेजवरचे सहा बॅज

«आम्ही बाळांची सुती पांघरुणं ऑनलाइन विकतो. पेजवर सहा बॅज आहेत, २३ रिव्ह्यूंवर ४.९ रेटिंग आहे, '१००% समाधानाची गॅरंटी' पण लिहिलंय. तरी लोक येतात, बघतात आणि निघून जातात. आणखी कोणते ट्रस्ट बॅज लावावेत?»

सध्या एकही नवीन लावू नका. आधी आहेत ते सहा उघडून बघा. छोट्या ब्रँडची प्रॉडक्ट पेजेस तपासून देणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे. मी प्रत्येक बॅजसमोर बसून एकच प्रश्न विचारते: उद्या एखाद्या फसव्या विक्रेत्याने हेच चित्र फुकटात आपल्या पेजवर चिकटवलं, तर त्याला कोण अडवेल? कुणीच अडवणार नसेल, तर तो बॅज तुमच्याबद्दल काही सांगत नाही. 'प्रीमियम क्वालिटी', 'आईंची पहिली पसंती' यांसारखी गोल चिन्हं तिथेच गळतात. 'सुरक्षित पेमेंट'चं कुलूपही गळतं, कारण ते फक्त वाटेत माहिती चोरली जाणार नाही एवढंच सांगतं. माल कसा आहे हे त्यातून कळत नाही, आणि तसलं कुलूप फसव्या साइटवरही असतं.

खऱ्या संस्थेचा शिक्का असला तरी तो आपोआप पुरावा होत नाही. बेंजामिन एडेलमन या संशोधकाने ट्रस्ट-ई या गोपनीयतेच्या शिक्क्याचा अभ्यास केला होता, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्का असलेल्या साइट्स शिक्का नसलेल्यांच्या तुलनेत अविश्वासार्ह निघण्याची शक्यता दुपटीहून जास्त आढळली. कारण समजायला सोपं आहे. ज्याच्याकडे दाखवायला दुसरं काही नाही त्यालाच शिक्क्याची गरज जास्त, आणि शिक्का मिळवणं फारसं अवघड नसेल तर तोच आधी रांगेत उभा राहतो. पुढे नोव्हेंबर २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तो शिक्का देणाऱ्या कंपनीवर ठपका ठेवला की, २००६ ते २०१३ या काळात एक हजाराहून अधिक वेळा तिने दरवर्षी करायची फेरतपासणी केलीच नव्हती. म्हणून शिक्का कुणाचा आहे यापेक्षा त्यामागे आत्ता, या वर्षी, नेमकं काय तपासलं गेलंय हे बघायचं.

तुमच्या मालाच्या बाबतीत हे कसं करायचं ते एका उदाहरणाने सांगते. तुमच्यासारखाच माल विकणाऱ्या एका ब्रँडचं पेज माझ्याकडे आलं होतं. वर मोठ्या अक्षरांत 'बाळाच्या त्वचेसाठी सुरक्षित' आणि खाली तळाशी ओइको-टेक्स स्टँडर्ड १०० चं चिन्ह. हे प्रमाणपत्र कापडातल्या घातक रसायनांबद्दल असतं. त्याच्या लेबलवर एक क्रमांक आणि तपासणाऱ्या संस्थेचं नाव असतं, आणि तो क्रमांक ओइको-टेक्सच्या साइटवर 'लेबल चेक'मध्ये टाकला की प्रमाणपत्र कुणाचं, कशासाठीचं आणि चालू आहे की नाही ते दिसतं. या पेजवरच्या चिन्हात क्रमांकच नव्हता. विचारला तेव्हा तो कापडाच्या गिरणीकडून आला.

क्रमांक टाकल्यावर तीन गोष्टी समोर आल्या. पहिली, प्रमाणपत्र गिरणीच्या नावावर आणि रंगवलेल्या सुती कापडासाठी होतं. पांघरूण मात्र त्या कापडावर छपाई करून, कडेला पट्टी लावून, वेगळ्या धाग्याने शिवलेलं होतं. स्टँडर्ड १०० तयार वस्तूला लागू करायचं तर धागा, छपाई, बटण असा प्रत्येक भाग तपासावा लागतो. दुसरी, त्या प्रमाणपत्राचा वर्ग दोन होता, म्हणजे अंगाला लागणाऱ्या कपड्यांसाठीचा. तीन वर्षांपर्यंतच्या बाळांसाठी वर्ग एक असतो, आणि त्याच्या मर्यादा सगळ्यांत कडक असतात. तिसरी, प्रमाणपत्र एक वर्षच चालतं आणि त्याची मुदत संपली होती.

यात मालकाने खोटेपणा केला असं मी अजिबात म्हणणार नाही. गिरणीने कागद दिला, त्यांनी विश्वासाने चिन्ह लावलं. पण ज्या आईने तो क्रमांक मागितला असता, तिला काय उत्तर मिळालं असतं? माझा अनुभव असा की अशी एक चौकस व्यक्ती पालकांच्या प्रत्येक ग्रुपमध्ये असते, आणि तिचं मत बाकीचे ऐकतात.

आम्ही चिन्ह काढलं आणि दाव्याच्या अगदी खाली साधी वाक्यं लिहिली: कापड कोणत्या गिरणीचं, त्याच्या नव्या प्रमाणपत्राचा क्रमांक काय, वर्ग कोणता, आणि छपाई व शिलाईचा धागा त्यात येत नाही. 'बाळासाठी सुरक्षित' हे शब्दही तेव्हा खाली उतरवले, कारण तेवढं सिद्ध करायला हातात काही नव्हतं. मालकांना शेवटचं वाक्य खुपत होतं. मी आग्रह धरला. पुढच्या हंगामात त्यांनी तयार पांघरुणाची वर्ग एकमध्ये तपासणी करून घेतली आणि मगच तो दावा आणि चिन्ह परत लावलं, तेही क्रमांकासकट. तुम्हीही आधी तुमच्या पेजवरचे दावे कागदावर उतरवा, मग प्रत्येकासमोर त्याचा पुरावा लिहा. 'सेंद्रिय कापूस' असा दावा असेल तर स्टँडर्ड १०० त्याला उपयोगी नाही. तो रसायनांचे अंश बघतो, कापूस कसा पिकवला हे बघत नाही. त्यासाठी जीओटीएससारखं वेगळं प्रमाणपत्र लागतं.

आता तुमचं ४.९. खरं सांगायचं तर मला या आकड्याची काळजी वाटते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या स्पीगेल रिसर्च सेंटरने २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात खरेदीची शक्यता साधारण ४.० ते ४.७ च्या दरम्यान सर्वाधिक दिसली, आणि ५ च्या जवळ जाताना ती पुन्हा उतरली. म्हणून मुद्दाम रेटिंग खाली आणायचं असं नाही. तुमच्या २३ रिव्ह्यूंच्या तारखा बघा. ते सगळे एकाच आठवड्यातले आहेत का? 'खूप छान, मऊ आहे' यापलीकडे कुणी काही लिहिलंय का? पाच वेळा धुतल्यावर रंग गेला का, कड उसवली का, माप किती आटलं, हे कुणी सांगितलंय का? माल हातात पडल्याच्या दुसऱ्या दिवशी रिव्ह्यू मागितला की माणूस पॅकिंगबद्दलच लिहिणार. पांघरुणाची खरी परीक्षा धुण्यात होते, म्हणून विनंती महिन्याभराने पाठवा आणि त्यात 'किती वेळा धुतलं?' एवढं एकच नेमकं विचारा.

तीन ताऱ्यांचा रिव्ह्यू आला तर तो लपवू नका. 'दोन धुण्यांनंतर लांबीत थोडं आटलं' असं कुणी लिहिलं, आणि खाली तुम्ही 'हो, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, म्हणून आता पेजवर धुतल्यानंतरचं माप देतो' असं उत्तर दिलं, आणि वर खरोखर ते माप दिसलं, तर वाचणाऱ्याला बाकीच्यांचंही खरं वाटू लागतं. 'पाच तारे द्या, पुढच्या खरेदीवर सूट घ्या' हा प्रकार चालू असेल तर आजच बंद करा. चांगल्याच मताच्या अटीवर बक्षीस देणं, घरच्यांकडून नातं न सांगता रिव्ह्यू लिहून घेणं, वाईट मतं दडपणं या गोष्टींवर अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमात थेट बंदी आहे. कायदा कुठला लागतो हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी असे रिव्ह्यू ओळखू येतात. त्यांची वाक्यंही एकमेकांसारखी असतात.

गॅरंटीबद्दल जरा सविस्तर बोलते, कारण तुमच्या पेजवरची सगळ्यांत वाया गेलेली जागा तीच आहे. गॅरंटीला पुराव्याचं बळ येतं ते एकाच कारणाने: वाईट माल विकणाऱ्याला ती परवडत नाही. हिशोब करून बघा. विक्रीची किंमत १०० धरा, तुमचा एकूण खर्च ७०, म्हणजे नफा ३०. परत आलेला नग बाळाचा असल्याने पुन्हा विकता येत नाही, तेव्हा ते ७० गेले, आणि परत आणायचा खर्च २० धरला तर प्रत्येक परतीला ९० चं नुकसान. तुमची १०० पांघरुणं गेली आणि ४ परत आली, तर ९६ नगांचा नफा २,८८०, त्यातून ३६० वजा, हाती २,५२०. तेवढ्याच खर्चात केलेला वाईट माल २५ परत आला, तर ७५ नगांचा नफा २,२५० आणि नुकसानही २,२५०. हाती शून्य. म्हणजे चांगला माल विकणारा ही गॅरंटी थोडी झळ सोसून देऊ शकतो, वाईट माल विकणारा बुडतो. ग्राहक हा हिशोब मांडत नाही, पण 'यांना भीती वाटत नाहीये' एवढं त्याला जाणवतं.

पण हे तेव्हाच, जेव्हा परत करणं खरोखर सोपं असतं. '१००% समाधानाची गॅरंटी' यात काय मिळणार हेच कळत नाही. किती दिवस? एकदा धुतलेलं चालेल का? परत पाठवायचा खर्च कुणाचा? पैसे किती दिवसांत, आणि मूळ खात्यात की दुकानाच्या कूपनमध्ये? या चार उत्तरांचं एक वाक्य किमतीच्या शेजारी लिहा. उदाहरणार्थ: '३० दिवसांत, एकदा धुतलेलं असलं तरी, आमच्या खर्चाने परत, पैसे ७ दिवसांत मूळ खात्यात.' एवढं लिहायला मन धजत नसेल, तर आधी मागच्या सहा महिन्यांत किती नग परत आले आणि कशामुळे, ते काढा. तो आकडा मोठा निघाला तर गॅरंटी थांबवा आणि शिलाई बघा. प्रत्येक बाबतीत वरचाच आकडा लागू पडेल असं नाही, तुमचे खर्च घालून हिशोब नव्याने करा.

जागेचंही थोडं. बॅजची पट्टी पेजच्या तळाशी असते तेव्हा तिथपर्यंत कुणी पोचत नाही, आणि पोचलं तरी कोणता बॅज कशाबद्दल हे कळत नाही. कापडाचा पुरावा कापडाच्या वर्णनाखाली, परतीची अट किमतीजवळ, धुण्याबद्दलचे रिव्ह्यू मापाच्या तक्त्यापाशी. तुमच्या सहापैकी चार तरी यात गळतील असा माझा अंदाज आहे, पण क्रमांक बघितल्याशिवाय ठामपणे सांगणार नाही.

जे प्रमाणपत्र उरेल, त्याची मुदत संपण्याच्या दोन महिने आधीची तारीख आजच कॅलेंडरवर टाका आणि त्या दिवशी गिरणीला नवा कागद मागा. नूतनीकरणाला वेळ लागतो, आणि मधल्या काळात चिन्ह पेजवर तसंच राहिलं तर लेबल चेकमध्ये ते संपलेलंच दिसेल.