४१, मग ३/१४, मग ७: एकाच प्रश्नाची तीन चुकीची उत्तरं

"मॅडम, पोलीस भरतीची तयारी करतेय. अंकगणित बऱ्यापैकी जमतं, पण बुद्धिमत्ता चाचणीत ते 'अधिक म्हणजे वजा, वजा म्हणजे भागिले' वाले प्रश्न आले की हमखास चुकतात. कंचेभागुबेव तोंडपाठ आहे, तरी आधी चिन्हं बदलायची की आधी क्रम लावायचा तेच कळत नाही. घरचे म्हणतात तुझं लक्ष नसतं. माझ्या डोक्यातच काही प्रॉब्लेम आहे का?"

नाही गं, डोक्यात काही प्रॉब्लेम नाही, आणि लक्ष नसतं हे तर मला अजिबात पटत नाही. मागच्या वर्षी एक मुलगी आली होती माझ्याकडे, तीही भरतीचीच, तिचंही हेच म्हणणं होतं. मी तिला समजावत बसले नाही, सराव पेपरातला एक प्रश्न समोर ठेवला आणि म्हटलं माझ्यासमोर सोडव, काय करतेस ते बोलत बोलत सोडव. प्रश्न असा होता, + म्हणजे ×, × म्हणजे −, − म्हणजे ÷, ÷ म्हणजे +, तर

१८ × १२ − ४ + २ ÷ ५ = ?

तिने पेन घेतला आणि छापलेल्या ओळीवरच चिन्हं गिरवायला सुरुवात केली. पहिला नियम, + चा ×, म्हणून अधिकवर तिरक्या रेघा मारल्या. दुसरा नियम, × चा −. आता ओळीत दोन गुणिले दिसत होते ना, एक छापलेला आणि एक तिने आत्ताच केलेला, तिने दोन्ही वजा केले. मग तीन वजा झाले, तिन्हीचे भागिले केले. मग चार भागिले, चारही अधिक. शेवटी ओळीत नुसते अधिकच उरले आणि उत्तर आलं ४१. बेरीज एकदम बरोबर होती तिची! पण एकदा बदललेलं चिन्ह परत परत बदलत गेलं. कुणी नुसतं उत्तर बघितलं असतं तर म्हणाला असता लक्ष नाही, पण तिने प्रत्येक नियम इमानदारीत पाळला होता, फक्त एका वेळी एक नियम सगळ्या ओळीला लावला, खरं तर एका वेळी एक चिन्ह घेऊन त्याचा नियम बघायचा असतो.

मी म्हटलं बरं, पेन ठेव, तोंडी कर. मग ती कंचेभागुबेव म्हणत निघाली. भागाकार आधी, म्हणून छापलेला ÷ शोधला, तो २ आणि ५ च्या मधे, त्याचा अर्थ अधिक, झाले ७. मग गुणाकार, छापलेला × १८ आणि १२ च्या मधे, अर्थ वजा, झाले ६. मग बेरीज, छापलेला + चा अर्थ गुणिले, ४ गुणिले ७ म्हणजे २८. आणि राहिलं ६ भागिले २८, म्हणजे ३/१४. पर्यायात असलं काहीच नव्हतं, तिथेच ती रडकुंडीला आली. इथे तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे बघ. अर्थ तिने नवे घेतले पण क्रम जुन्या चिन्हांचा लावला. क्रम हा नेहमी नव्या, बदललेल्या चिन्हांचाच लागतो, जुनं चिन्ह बदलून झालं की त्याचा क्रमाशी काहीएक संबंध राहत नाही. म्हणून आधी सगळी चिन्हं बदलायची आणि मगच क्रम.

पण हे माहीत असूनही होतं, कारण लहानपणापासून + दिसला की हात आपोआप बेरीज करतो. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मधे एक प्रयोग छापला होता, 'लाल' हा शब्द निळ्या शाईत छापलेला असेल तर शाईचा रंग सांगायला माणसं अडखळतात, कारण वाचणं थांबवता येत नाही. तुझं अगदी तसंच आहे. म्हणून माझा आग्रह असतो की जुनी चिन्हं डोळ्यासमोर ठेवून सोडवायचंच नाही. आधी रफ वहीत फक्त आकडे उतरवायचे, मधे जागा सोडून,

१८ __ १२ __ ४ __ २ __ ५

मग डावीकडून एकेक जागा घ्यायची, वर छापलेलं चिन्ह बघायचं, नियमात त्याचा अर्थ शोधायचा, भरायचा आणि पुढे जायचं, भरलेल्या जागेवर परत यायचं नाही. सगळं भरलं की छापलेल्या ओळीवर सरळ हात ठेवायचा. याला दहाएक सेकंद जातात, ९० मिनिटात १०० प्रश्न असतात म्हणून पोरं ते वाचवायला जातात आणि तिथेच मार्क घालवतात.

तिने असं केल्यावर ओळ अगदी बरोबर आली,

१८ − १२ ÷ ४ × २ + ५

आणि उत्तर काढलं ७! मला वाटलं होतं आता सुटलं. पण ती म्हणाली, भागाकार ३, गुणाकार ६, मग बेरीज आधी म्हणून ६ अधिक ५ अकरा, मग वजाबाकी, १८ वजा ११. म्हणजे ही तिसरी चूक चिन्हांच्या अदलाबदलीची नव्हतीच, ती कंचेभागुबेव या शब्दाचीच होती. त्या शब्दात 'बे' आधी आणि 'व' नंतर आहे, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं बेरीज वजाबाकीच्या आधी करायची. तसं नाहीये. बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, डावीकडून जी आधी येईल ती आधी. भागाकार गुणाकाराचंही तेच. मी तिला विचारलं, खिशात ५० रुपये आहेत, २० चा वडापाव खाल्ला, मग मैत्रिणीने १० परत दिले, किती उरले? लगेच म्हणाली ४०. म्हटलं हेच लिही, ५० − २० + १०, आणि आता बेरीज आधी कर. २० आले. दोन मिनिटं नुसती त्या आकड्यांकडे बघत बसली होती.

मग मी तिला तुकडे पाडायला शिकवलं. + किंवा − दिसला की त्याच्या आधी उभी रेघ, म्हणजे चिन्ह त्याच्या पुढच्या तुकड्यासोबत राहतं,

१८ | − १२ ÷ ४ × २ | + ५

मधल्या तुकड्यात डावीकडून उजवीकडे, १२ भागिले ४ तीन, गुणिले २ सहा, त्याच्यापुढे वजा आहेच. म्हणून १८ वजा ६, अधिक ५, उत्तर १७. कंस असला तर मात्र आधी तो सोडवून घ्यायचा.

तू आता एक कर, आधी साधंच १८ − १२ ÷ ४ × २ + ५ सोडव, कुठलीही अदलाबदल न करता. ७ आलं तर तुझा घोळ क्रमाचा आहे, चिन्हांचे प्रश्न आठवडाभर बाजूला ठेव आणि साध्या पदावल्या तुकडे पाडून सोडव. १७ आलं तर क्रम पक्का आहे, मग गडबड उतरवताना होतेय, तिथे रिकाम्या जागांची सवय लाव.

आणि प्रश्नाची भाषा नीट वाच हं. 'अधिक आणि वजा यांची अदलाबदल केल्यास' म्हणजे दोन्हीकडून बदल, १० + ४ − ३ चं १० − ४ + ३ होतं, उत्तर ९. पण नुसतं 'अधिक म्हणजे वजा' एवढंच दिलं असेल तर वजा आहे तसाच राहतो, १० − ४ − ३, उत्तर ३.

सोडवून झालं की रफ वहीच्या पानाचा फोटो पाठव, खाडाखोड असेल तर तशीच राहू दे. नुसतं उत्तर कळवू नकोस, तू कुठे वळलीस ते मला त्या खाडाखोडीतच दिसेल.