फुकटच्या ५०० रुपयांचा हिशेब

प्रिय मुला,

रूममेटने पाठवलेली पैजा लावायच्या ॲपची लिंक तू मला दाखवलीस. ‘जॉइन केलं की ५०० फ्री.’ अजून पैसे भरले नाहीस ना? मग थांब. आधी माझ्या एका विद्यार्थ्याचं ऐक.

दुसऱ्या वर्षाला होता, हॉस्टेलवर राहायचा. अशाच लिंकवरून ॲप घेतलं, स्वतःचे ५०० भरले. वॉलेटमध्ये हिरव्या अक्षरांत १,००० दिसले. पहिल्या रात्री ५० लावले, ९५ परत आले. तीन दिवसांत वॉलेट १,६४० वर गेलं. पैसे काढायला गेला, तर ॲप म्हणालं, अजून ७,९०० रुपयांच्या पैजा बाकी आहेत.

बारीक अक्षरांतली अट अशी होती: भरलेली रक्कम आणि बोनस मिळून जे होतात, त्याच्या दहापट पैजा लावल्याशिवाय एक रुपया काढता येणार नाही. म्हणजे १०,००० रुपयांच्या पैजा. आता दोन्ही संघ तुल्यबळ असतील अशा सामन्यात ॲप जिंकणाऱ्याला १०० ला १९० देतं. दोन्ही संघांवर शंभर-शंभर लावून बघ: गेले २००, आले १९०. प्रत्येक शंभरामागे सरासरी पाच रुपये ॲपचे. १०,००० वर किती? बरोबर ५००. ‘फुकट’ दिलेले सगळे पैसे अटीतूनच परत गेले.

पण प्रत्यक्षात तेवढ्यावर थांबत नाही. ७,९०० चा आकडा लवकर संपवायचा म्हणून तो पन्नासऐवजी पाचशे-पाचशे लावू लागला. रविवारपर्यंत वॉलेट रिकामं झालं. मग मेससाठी ठेवलेले ३,२०० ॲपमध्ये भरले. भरताना यूपीआयवर दर वेळी वेगळंच नाव यायचं, कधी एखादं किराणा दुकान, कधी कुणी अनोळखी बाई. खरी कंपनी रोज नाव बदलत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं. तरी भरले.

ते पैसे निघावेत म्हणून त्याने स्वतःची लिंक तीन ज्युनिअरना पाठवली. त्यांच्या हरण्यातला वाटा याला मिळणार होता. पैसे गेल्याचं तो मला शांतपणे सांगू शकला. त्या तिघांचं सांगताना मात्र त्याला बोलवेना. तुझ्या रूममेटवर रागावू नकोस, पण त्याला लिंक कशासाठी पाठवायला सांगितली आहे, हे विचार. पैसे लावायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राच्या २०२५ च्या कायद्याने बंदी आहे. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लिंक वाटणाऱ्या पोरांना हे कुणी सांगत नाही.

त्याचं पैसे भरणं घरी सांगितल्यावर थांबलं. वडील दोन दिवस बोलले नाहीत, मग मेसचे पैसे घेऊन आले.

रूममेटने आधीच पैसे भरले असतील तर उद्या त्यालाही घेऊन ये. बँकेचं स्टेटमेंट काढू, ज्या नावांवर पैसे गेले ती लिहून घेऊ आणि माझ्यासमोरच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन लावू. मी चारनंतर स्टाफरूममध्ये आहे.

तुझे,
सर