वीट आणि भिंत: वर्ग कसा ओळखायचा

रूपवर्गांचा, म्हणजे शब्दांची रूपं कशी बदलतात त्यानुसार पडणाऱ्या गटांचा, अभ्यास सुरू करताय, तर लॅटिनआधी घरातले दोन शब्द घ्या: वीट आणि भिंत. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त. तरी विटा–विटेला आणि भिंती–भिंतीला. यामागे अर्थाचं किंवा उच्चाराचं कारण शोधत बसू नका; मी त्यात बरेच महिने घालवले. उसने शब्दसुद्धा असेच विभागले जातात: बँका–बँकेत, पण फायली–फायलीत. म्हणून वर्गाची खूण शब्दासोबतच कोशात नोंदवावी लागते. 'वीट'चा 'वी' ऱ्हस्व होतो, तो मात्र ध्वनिनियम आहे. त्यासाठी वेगळा वर्ग करू नका.

दुसरा मार्ग मला जास्त पटतो: खूण न मानता, कोणत्या रूपावरून कोणतं रूप ओळखता येतं ते तपासायचं. 'भिंत' एवढ्यावरून काहीच ठरत नाही. 'भिंतीला' ऐकलं, तरी मूळ शब्द 'काठी'सारखा ईकारान्त असू शकतो, आणि मग अनेकवचन 'काठ्या'सारखं होईल. पण स्त्रीलिंगी अनेकवचन 'भिंती' कळलं, की 'भिंतीला', 'भिंतींना' ही रूपं हाती येतात. अशा शब्दांची चार-चार रूपं तक्त्यात मांडा आणि प्रत्येक घर झाकून बाकीच्यांवरून ते ओळखता येतं का, ते पाहा.