पाच परीक्षकांच्या चिठ्ठ्यांतून एकच खेळाडू

"आमच्या खानापूर भागातून कबड्डीचा वर्षातला उत्कृष्ट खेळाडू निवडायचाय. पाच परीक्षक पहिला, दुसरा, तिसरा असे क्रम देणार. त्यातून एक नाव कसं काढायचं?"

नुसती गुणांची बेरीज करून मोकळे होऊ नका. निपाणीकडच्या आमच्या मंडळात तसंच केलं, आणि ढाल चुकीच्या पोराच्या हाती गेली असं मला आजही वाटतं.

बेरजेची ही रीत बोर्डा नावाच्या फ्रेंच गणितज्ञाची, १७७० सालची. तिघे खेळाडू असतील तर पहिल्याला २, दुसऱ्याला १, शेवटच्याला ०. आमच्याकडे शेवटी एक चढाईपटू, एक अष्टपैलू आणि डावा कोपरा सांभाळणारा एक बचावपटू उरले. तीन परीक्षकांनी हाच क्रम दिला. उरलेल्या दोघांनी लिहिलं: अष्टपैलू, बचावपटू, चढाईपटू. बेरीज झाली चढाईपटू ६, अष्टपैलू ७, बचावपटू २. पाचांतल्या तिघांनी ज्याला पहिला मानला, तोच मागे पडला!

नंतर त्या दोघांपैकी एकाने सरळ सांगितलं, "चढाईपटू दुसराच होता हो, पण तसं लिहिलं असतं तर आमचा पोरगा गेला असता." हिशेब बरोबर होता त्याचा. दोघांनी खरं लिहिलं असतं तर चढाईपटू ८, अष्टपैलू ७. म्हणजे बचावपटूला उगीच वर ढकलून त्यांनी निकाल फिरवला.

म्हणून आधी जोड्या लावा. कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्ये हीच बाजू मांडली. दोन-दोन खेळाडू घ्यायचे आणि किती चिठ्ठ्यांवर कोण वर आहे ते मोजायचं. आमच्या चिठ्ठ्यांत चढाईपटू अष्टपैलूला ३-२ हरवतो, बचावपटूलाही ३-२. सगळ्यांना हरवणारा असा कुणी असेल तर ढाल त्याची. कधी पहिला दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला आणि तिसरा पहिल्याला हरवतो असा फेरा पडतो; तेव्हाच बोर्डाची बेरीज वापरा. परीक्षक विषम संख्येत ठेवा, म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांना क्रम दिला तर कुठलीच जोडी बरोबरीत सुटणार नाही.

त्या दोघांचं मत मनापासूनचं असतं, तर अष्टपैलूच्या ७ गुणांनाही अर्थ होता, कारण त्याला कुणीच तळाला टाकलं नव्हतं. बहुतेकांचा पहिला हवा की सगळ्यांना चालणारा हवा, हे चिठ्ठ्या वाटण्याआधी ठरवून लिहून ठेवा. अमेरिकेतल्या बेसबॉलच्या मानाच्या पुरस्कारात पहिल्याला १४, दुसऱ्याला ९, तिसऱ्याला ८ देतात, म्हणजे पहिल्या क्रमांकाचं वजन मुद्दाम जास्त. त्या मापाने आमचा चढाईपटू ५८-५५ असा जिंकला असता.

चिठ्ठीवर नावं लिहायला लावू नका. आमच्याकडे कुणी मराठीत आडनाव लिहिलं, कुणी कन्नडमध्ये गावाचं नाव, आणि एकाच पोराचे दोन खेळाडू झाले. छापील यादीला अनुक्रमांक द्या आणि चिठ्ठीवर फक्त आकडा मागा. यादीतल्या ज्याचा खेळ पाहिलाय असा एकही खेळाडू क्रमाशिवाय सोडू देऊ नका. ज्या परीक्षकाने एखाद्याचा खेळ पाहिलाच नाही, त्याची चिठ्ठी त्या खेळाडूच्या जोड्यांत मोजू नका. बेरजेत मात्र अशा कोऱ्या जागेला शून्य धरलं, तर न पाहिल्याची शिक्षा पोराला होते.